आरडीची मुदतपूर्तीची रक्कम: एकाच ठेवीची चार वेगळी उत्तरं का येतात?

कुंभार्ली

दरमहा ५,००० रुपये, मुदत २४ महिने, व्याजदर द.सा.द.शे. ७.२. बँकेच्या पावतीवर मुदतपूर्तीची रक्कम १,२९,३६९ रुपये छापली आहे. हा आकडा कसा काढला हे समजून घ्यायचं म्हणून तीन प्रकारे हिशोब केला आणि तीन उत्तरं आली.

शाळेत शिकवतात त्या सूत्राने १,२९,००० येतात. स्प्रेडशीटमध्ये `=FV(7.2%/12,24,-5000)` टाकलं तर १,२८,६५६. एका एसआयपी कॅल्क्युलेटरवर तेच आकडे भरले तर १,२९,४२८.

पावतीचा आकडा यातल्या एकाशीही जुळत नाही. काही शेकड्यांचाच फरक आहे, बँकेशी भांडायचं नाहीये. पण दर तोच, हप्ता तोच, मुदत तीच, मग उत्तर एकच यायला हवं ना? नेमकी कोणती पद्धत बरोबर?

आभा_२१

तुम्ही शे-दोनशे रुपयांचा फरक शोधताय, मला तर मोठाच घोळ दिसतोय. तुम्ही एकूण १,२०,००० भरणार. त्यावर ७.२ टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज १७,२८० होतं. बँक देतेय ९,३६९. म्हणजे जेमतेम ३.९ टक्के दर पडला. माझ्या आरडीतही हेच झालंय, जाहिरातीतल्या दराच्या निम्मंच व्याज हातात येतं. याबद्दल कोणी तक्रार केली आहे का?

वर्गमूळ

@आभा, तक्रार करण्यासारखं काही नाही. १,२०,००० रुपये पहिल्या दिवसापासून बँकेत नव्हतेच. पहिला हप्ता २४ महिने राहिला, दुसरा २३, आणि शेवटचा फक्त १ महिना. या सगळ्या महिन्यांची बेरीज २४ × २५ ÷ २ = ३००. म्हणजे ५,००० रुपये ३०० महिने ठेवल्यासारखं झालं. महिन्याला ०.६ टक्के धरले तर व्याज ५,००० × ०.००६ × ३०० = ९,०००.

दुसऱ्या बाजूने पाहा. प्रत्येक हप्ता सरासरी साडेबारा महिने राहिला, २४ महिने नाही. म्हणून व्याज निम्म्याच्या आसपास दिसतं. दर ७.२ टक्केच आहे.

@कुंभार्ली, म्हणजे १,२९,००० हेच बरोबर उत्तर. शाळेतलं सूत्र आरडीसाठीच बनवलेलं आहे. वरचे ३६९ रुपये बँक दिवसांवर व्याज मोजते म्हणून येत असणार. काही महिने ३१ दिवसांचे असतात, त्याचा तो परिणाम.

रोजकीर्द

वर्गमूळ यांनी आभांना दिलेलं उत्तर अगदी चोख आहे, साडेबारा महिन्यांचा मुद्दा प्रत्येक आरडीधारकाने लक्षात ठेवावा. पण ३६९ रुपये दिवसांमुळे आलेले नाहीत. ३१ दिवसांच्या महिन्यांनी एवढा फरक पडत नाही, आणि फेब्रुवारी उलट दिशेला ओढतो. हे ३६९ रुपये व्याजावरचं व्याज आहे. शाळेतल्या सूत्रात सरळव्याज धरतात, मुलांना मालिकेची बेरीज कळावी एवढाच त्याचा उद्देश. आपल्याकडे बँका आणि पोस्ट आरडीवर तिमाही चक्रवाढ देतात, म्हणजे दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात मिळतं.

सगळा गोंधळ इथेच आहे. हप्ता दरमहा, चक्रवाढ दर तिमाहीला. दोन्हींचं वेळापत्रक वेगळं. एसआयपी कॅल्क्युलेटर चक्रवाढही दरमहा धरतो, म्हणून तो जास्त दाखवतो. शाळेचं सूत्र चक्रवाढ धरतच नाही, म्हणून कमी दाखवतं. खरी रक्कम या दोन्हींच्या मध्ये असते आणि तुमची पावतीही मध्येच आहे.

आता हाताने करून पाहू, सूत्र नंतर. ७.२ टक्के म्हणजे तिमाहीला १.८ टक्के. एका तिमाहीत तीन हप्ते येतात. पहिला तिमाहीअखेर तीन महिने जुना असतो, त्याचं व्याज ९० रुपये. दुसरा दोन महिने, ६० रुपये. तिसरा एक महिना, ३० रुपये. तिमाहीच्या शेवटी नवीन हप्त्यांचे १५,००० अधिक १८० असे १५,१८० रुपये होतात. प्रत्येक तिमाहीत हीच भर पडते, ती बदलत नाही. बदलते ती मागची शिल्लक, तिला दर वेळी १.०१८ ने गुणायचं आणि १५,१८० मिळवायचे:

```
तिमाही   तिमाहीअखेर शिल्लक
  १          १५,१८०.००
  २          ३०,६३३.२४
  ३          ४६,३६४.६४
  ४          ६२,३७९.२०
  ५          ७८,६८२.०३
  ६          ९५,२७८.३०
  ७        १,१२,१७३.३१
  ८        १,२९,३७२.४३
```

दुसरी ओळ पडताळून घ्या, म्हणजे पुढच्या आपोआप समजतील. १५,१८० × १.०१८ = १५,४५३.२४, त्यात नवे १५,१८०.

उत्तर १,२९,३७२ आलं. पावतीवर १,२९,३६९ आहे. आता राहिले फक्त तीन रुपये, आणि त्यांचंही कारण आहे. ते संध्याकाळी लिहितो.

खटपट्या

तीन रुपये म्हणजे राउंडिंग. बँक प्रत्येक तिमाहीचं व्याज रुपयात पूर्ण करते, आठ तिमाह्यांत तेवढं होतंच.

दुसरं, धागाकर्त्याचं स्प्रेडशीट चुकलंय कारण `FV` मध्ये शेवटचा आकडा दिलेला नाही. तो दिला नाही तर एक्सेल किंवा गुगल शीट्स हप्ता महिन्याच्या शेवटी भरला असं समजतात. म्हणजे पहिल्या हप्त्याला २३ महिने मिळतात आणि शेवटच्याला शून्य. आरडीत पहिला हप्ता खातं उघडतानाच जातो. त्यामुळे `=FV(7.2%/12,24,-5000,0,1)` असं हवं. ते टाकलं की १,२९,४२८ येतात.

कुंभार्ली

@खटपट्या, धन्यवाद. म्हणजे एसआयपी कॅल्क्युलेटर आणि स्प्रेडशीट दोन्हींचं गणित एकच निघालं, मी शेवटचा १ विसरलो होतो. पण १,२९,४२८ हे अजूनही पावतीपेक्षा ५९ रुपये जास्तच आहेत.

@रोजकीर्द, तक्ता करून पाहिला, जुळला. तीन रुपयांची वाट बघतोय.

रोजकीर्द

खटपट्या म्हणतात तसं राउंडिंगने रुपया-दोन रुपये इकडे-तिकडे होऊ शकतात, पण इथले तीन रुपये त्यामुळे नाहीत. ते तिमाहीच्या आत व्याज कसं मोजलं यामुळे आहेत.

माझ्या तक्त्यात तिमाहीच्या आत सरळव्याज धरलं होतं. एका महिन्याला १.८ चा तिसरा हिस्सा, म्हणजे ०.६ टक्के. दुसरी पद्धत अशी की असा मासिक दर शोधायचा, जो तीन महिने चक्रवाढीने लावला की बरोबर १.८ टक्के होतील. तो १.०१८ च्या घनमुळातून मिळतो:

```
1.018^(1/3) = 1.00596436
```

म्हणजे महिन्याला ०.५९६४ टक्के, ०.६ पेक्षा किंचित कमी. तीन महिने पूर्ण राहिलेल्या हप्त्याला दोन्ही पद्धतींत ९० रुपयेच मिळतात. पण दोन महिने आणि एक महिना राहिलेल्या हप्त्यांना दुसऱ्या पद्धतीत काही पैसे कमी मिळतात. प्रत्येक तिमाहीत थोडे पैसे आणि त्यावरचं व्याज मिळून २४ महिन्यांत तीन रुपये होतात.

बहुतेक बँका आणि पोस्ट जे सूत्र वापरतात त्यात ही दुसरी पद्धत आहे:

```
M = R × [ (1+i)^n − 1 ] / [ 1 − (1+i)^(−1/3) ]
```

यात `R` मासिक हप्ता, `i` तिमाही दर म्हणजे 0.018, आणि `n` तिमाह्यांची संख्या म्हणजे 8. महिने नव्हेत, तिमाह्या. इथे 24 टाकल्यामुळे भलतेच आकडे आलेले लोक मी बरेच पाहिले आहेत.

आकडे घालू. 1.018 चा आठवा घात 1.153406, त्यातून एक वजा केला की 0.153406. खाली 1.018 चा (−1/3) घात 0.994071, एकातून वजा केला की 0.00592899. भागाकार 25.87388. त्याला ५,००० ने गुणलं की १,२९,३६९.३९. पावती जुळली.

खालचा तो विचित्र दिसणारा छेद कुठून आला, हेही सांगतो, नाहीतर सूत्र पाठ करावं लागतं. 1.00596436 ला x म्हणा. शेवटचा हप्ता x इतका वाढतो, त्याआधीचा x चा वर्ग, आणि पहिला x चा चोविसावा घात. ही गुणोत्तर श्रेढी झाली. तिची बेरीज x × (x^24 − 1) ÷ (x − 1). वर-खाली x ने भागलं की छेदात 1 − 1/x येतं, आणि x^24 म्हणजेच 1.018 चा आठवा घात. सूत्र तयार.

वर्गमूळ

श्रेढीची मांडणी पटली. शाळेचं सूत्र सरळव्याजाचं आहे हे मान्य, तरी मी त्याचा वापर सोडणार नाही. कागदाशिवाय अंदाज घ्यायला ते उत्तम आहे. वर्षभराच्या आरडीत त्याचा आणि खऱ्या आकड्याचा फरक अगदी थोडा असतो.

रोजकीर्द

वर्षभरासाठी खरंच थोडा असतो. याच हप्त्याला आणि दराला १२ महिन्यांचं सरळव्याज २,३४० येतं, म्हणजे ६२,३४०. वरच्या तक्त्यात चौथ्या तिमाहीला ६२,३७९ आहेत. ३९ रुपयांचा फरक. दोन वर्षांत तोच ३६९ झाला आणि पाच वर्षांत तो हजारांत जातो. म्हणून मुदत लांबली की अंदाजालाही ते वापरू नये.

खटपट्या

मग स्प्रेडशीटसाठी पूर्ण उत्तर असं झालं:

```
=FV((1+7.2%/4)^(1/3)-1, 24, -5000, 0, 1)
```

टाकून पाहिलं, १२९३६९.३९ येतंय. पहिल्या जागी तिमाहीतून काढलेला मासिक दर, दुसऱ्या जागी महिने, आणि शेवटचा 1. हप्त्याला उणे चिन्ह द्यायचं, नाहीतर उत्तर उणे येतं.

राउंडिंगबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. प्रत्यक्ष मुदत संपल्यावर खात्यात पावतीपेक्षा एक-दोन रुपये कमी-जास्त आलेले पाहिले आहेत.

रोजकीर्द

ते होतं. पावतीवरचा आकडा सूत्राने एकदाच काढतात. खात्यात व्याज प्रत्यक्ष तिमाहीला जमा होतं आणि तिथे ते पूर्ण रुपयात किंवा पैशात बसवतात. दोन वेगळ्या हिशोबांत रुपया-दोन रुपये हलणारच. दहा-वीस रुपयांचा फरक असेल तर मात्र दुसरं काही आहे, बहुतेक वेळा उशिरा भरलेला हप्ता.

निवांत

उशिरा भरलेल्या हप्त्यावरूनच विचारतो. माझाही हप्ता ५,००० आणि दर तोच. सातवा हप्ता दोन महिने उशिरा गेला, कारण आपोआप वळता होण्याच्या दिवशी बचत खात्यात शिल्लक कमी होती. आता बँक १५० रुपये दंड म्हणतेय. दोन महिन्यांचं व्याज एवढं होतं का?

रोजकीर्द

व्याज एवढं होत नाही, दंड होतो. पाच वर्षांपर्यंतच्या आरडीला बऱ्याच बँकांत शंभर रुपयांमागे दरमहा दीड रुपया दंड असतो. पाच हजारांवर महिन्याला ७५, दोन महिन्यांचे १५०. तुमच्या बँकेचा आकडा याच हिशोबाने आला आहे.

त्या हप्त्याला वेळेवर भरल्यास १८ महिने मिळाले असते, आता १६ मिळतील. १८ महिन्यांत ५,००० चे ५,५६४.८९ होतात, १६ महिन्यांत ५,४९९.१०. म्हणजे बुडालेलं व्याज ६६ रुपये आणि दंड १५०. महिन्याला दीड टक्का म्हणजे वर्षाला १८ टक्के, ठेवीवरच्या दराच्या अडीच पट. आरडीत हप्ता चुकवणं महाग पडतं ते यामुळे.

निवांत

मग दंड भरल्यावर मुदतपूर्तीला पावतीवरची पूर्ण रक्कम मिळणार की ६६ रुपयेही वजा होणार?

रोजकीर्द

हे बँकेवर आहे. काही ठिकाणी दंड घेतला की हप्ता वेळेवर आला असं धरून पूर्ण रक्कम देतात. काही ठिकाणी दंडही घेतात आणि व्याज प्रत्यक्ष तारखेपासूनच मोजतात. तुमच्या खात्याच्या नियमपत्रात 'विलंबित हप्ता' किंवा 'दंडव्याज' असा परिच्छेद असेल, तो वाचा. शाखेत तोंडी विचारलं तर दोन माणसं दोन उत्तरं देतात.

पाणवठा

आमच्याकडे तर तिसराच प्रकार आहे. हप्ता जितके महिने उशिरा, तितकी मुदतीची तारीख पुढे ढकलतात. त्यामुळे रोजकीर्द यांनी सांगितलेले दोनच पर्याय सगळीकडे असतील असं नाही. माझ्या मते मुदत पुढे ढकलणं हेच न्याय्य.

निवांत

मला ते न्याय्य वाटत नाही, माझे पैसे ठरलेल्या तारखेला हवेत. असो, नियमपत्र मागवतो.

सायली_मो

पोस्टाच्या आरडीलाही हेच सूत्र लागतं का? मुदत ६० महिने, दर ६.७. पोस्टात कोणीतरी दहा हजारांच्या हप्त्याला ७,१३,६५८ सांगितले. पाच वर्षांत भरणार ६ लाख.

रोजकीर्द

हो, तेच सूत्र. ६.७ हा दर १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. पोस्टाचे दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, पण खातं उघडताना जो दर असेल तो त्या खात्याला पूर्ण पाच वर्षं राहतो. तिमाही दर ०.०१६७५, तिमाह्या २०.

```
1.01675^20 − 1         = 0.394067
1 − 1.01675^(−1/3)     = 0.00552179
भागाकार                = 71.3658
```

म्हणजे एक रुपयाच्या मासिक हप्त्याचे पाच वर्षांनी ७१.३६५८ रुपये होतात. दहा हजारांचे ७,१३,६५८. तुम्हाला सांगितलेला आकडा अचूक आहे.

हा 'एका रुपयाचा गुणक' काढून ठेवला की बरंच काम सोपं होतं. रक्कम हप्त्याच्या प्रमाणातच वाढते, त्यामुळे दर आणि मुदत तीच असेल तोवर गुणक तोच. धाग्यातल्या २४ महिन्यांच्या आरडीचा गुणक २५.८७३९ आहे. दोन वर्षांनी दोन लाख हवे असतील तर २,००,००० ÷ २५.८७३९ = ७,७२९.८०, म्हणजे दरमहा ७,७३० भरले की पुरे.

पाणवठा

पोस्टाच्या बाबतीत हप्त्याची तारीख सांभाळा. खातं १५ तारखेपर्यंत उघडलं असेल तर पुढचे हप्ते त्या-त्या महिन्याच्या १५ पर्यंत भरावे लागतात. १६ नंतर उघडलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत चालतं. चुकलेल्या हप्त्याला शंभर रुपयांमागे दरमहा एक रुपया. चार हप्ते चुकले की खातं बंद धरतात, आणि चौथ्या चुकीपासून दोन महिन्यांत ते पुन्हा सुरू करून घेता येतं. त्यानंतर नवे हप्ते भरता येत नाहीत.

आणि पोस्टाची आरडी तीन वर्षांनंतर मोडता येते, पण मुदतीच्या एक दिवस आधी जरी मोडली तरी बचत खात्याच्या दराने व्याज मिळतं. ७१.३६ चा गुणक तेव्हा विसरायचा.

सायली_मो

एक दिवस आधी मोडली तरी? बापरे. हे पोस्टात कोणी सांगितलं नव्हतं.

आभा_२१

साडेबारा महिन्यांचं आता समजलं, वर्गमूळ यांचे आभार. मग एक सांगा, माझ्याकडे एकरकमी १,२०,००० असते आणि मी ते ७.२ नेच मुदत ठेवीत टाकले असते तर १७,२८० मिळाले असते, बरोबर?

रोजकीर्द

त्याहून थोडे जास्त, कारण तिथेही तिमाही चक्रवाढ. १,२०,००० × १.१५३४०६ = १,३८,४०९. व्याज १८,४०९. पण याची आरडीशी तुलना करू नका. आरडी त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे १,२०,००० आज नाहीत, दरमहा ५,००० आहेत. एकरकमी रक्कम हाताशी असताना ती बचत खात्यात ठेवून तिथून दरमहा आरडीत हप्ता वळवणं तोट्याचं. तसं करणारे लोक आहेत.

खटपट्या

मुदत तीनच्या पटीत नसेल तर? समजा २० महिने. `n` च्या जागी 20/3 टाकायचं की 6 टाकून उरलेले दोन महिने वेगळे मोजायचे?

रोजकीर्द

चांगला प्रश्न. सूत्रात n = 20/3 चालतं, गणिताच्या दृष्टीने काही अडत नाही. गुणक २१.३०११ येतो आणि रक्कम १,०६,५०६.

तक्त्याच्या पद्धतीने सहाव्या तिमाहीअखेर ९५,२७८.३० होते. पुढच्या दोन महिन्यांचं १.२ टक्के सरळव्याज धरलं की ९६,४२१.६४. शेवटच्या दोन हप्त्यांचे ५,०६० आणि ५,०३०. एकूण १,०६,५१२. सहा रुपयांचा फरक, कारण पुन्हा तेच, अपूर्ण तिमाहीत सरळव्याज की घनमूळ. कोणती बँक काय करते ते पावतीवरूनच कळतं. दोन्ही आकडे काढून ठेवा, पावती कोणाशी जुळते पाहा, म्हणजे तुमच्या बँकेची पद्धत कळली.

वर्गमूळ

अपूर्ण तिमाहीला व्याज सरळव्याजानेच द्यायला हवं. चक्रवाढीची तारीख आलीच नाही तर घनमूळ कुठून आणायचं?

खटपट्या

पण मग पूर्ण तिमाहीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या हप्त्यालाही तोच नियम लावावा लागेल, आणि मग पावती १,२९,३७२ ची यायला हवी होती. बँका तिथे घनमूळ घेतात. एकच नियम दोन्हीकडे हवा.

वर्गमूळ

तत्त्वतः माझं म्हणणं तेच आहे, दोन्हीकडे सरळव्याज हवं. बँकांनी सोय पाहिली आहे.

कुंभार्ली

माझं शंकानिरसन झालं, सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. १२ महिन्यांनी गरज पडून मोडली तर तक्त्यातले ६२,३७९ मिळतील का?

रोजकीर्द

नाही. मोडल्यावर ७.२ हा दर राहत नाही. प्रत्यक्ष जितके महिने ठेव राहिली त्या मुदतीचा, खातं उघडलं त्या दिवशीचा दर धरतात आणि त्यातून मुदतपूर्व बंद करण्याचा दंड वजा करतात. दंड बँकेनुसार असतो, अनेक ठिकाणी एक टक्का. समजा त्या दिवशी वर्षाच्या ठेवीचा दर ६.६ होता. एक वजा जाता ५.६, तिमाहीला १.४. तक्ता पहिल्या दिवसापासून नव्याने करायचा: प्रत्येक तिमाहीची भर १५,१४० आणि गुणायचं १.०१४ ने. चार तिमाह्यांनी ६१,८४४ येतात. म्हणजे साधारण ५३५ रुपये कमी. तुमच्या पावतीच्या मागे किंवा नियमपत्रात दंडाचा टक्का दिलेला असतो, तो घालून हिशोब करा.

पाणवठा

टीडीएसचा उल्लेख कोणी केला नाही. २०१५ च्या जूनपासून बँकेतल्या आरडीच्या व्याजावरही तो लागतो. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वर्षाला ५०,००० आहे, ज्येष्ठांना एक लाख. या आरडीचं व्याज ९,३६९ म्हणजे एकटीवर काही कापणार नाहीत. पण ती मर्यादा त्या बँकेतल्या सगळ्या ठेवींच्या व्याजाची मिळून आहे. मुदत ठेवी मोठ्या असतील तर आरडीतूनही कापतात आणि मग खात्यातली रक्कम पावतीपेक्षा कमी दिसते. तेव्हा सूत्रात चूक शोधू नका, व्याजाचा दाखला मागवा.

निवांत

नियमपत्र आलं. 'विलंबित हप्त्यावर दंडव्याज आकारले जाईल' एवढंच लिहिलंय. व्याज कोणत्या तारखेपासून, याबद्दल एक शब्द नाही. आता?

रोजकीर्द

मग लेखी विचारा, ईमेलवर: "सातवा हप्ता उशिरा भरला आणि दंड वसूल केला, तरी मुदतपूर्तीला पावतीवरची रक्कम मिळेल का?" उत्तर जपून ठेवा. मुदत संपल्यावर खात्यात पावतीपेक्षा ६६ च्या आसपास कमी आले तर त्यांनी दोन्ही वजा केले असं समजा.